एक जाळी वाढली की यादी किती बदलते?

ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या करणाऱ्या कारखान्यात तयार माल जवळजवळ नसतोच. प्रत्येक घराचे माप वेगळे, म्हणून ऑर्डर आल्यावरच सेक्शन कापायचा. समजा, कारखाना ६०० ते २४०० मिलिमीटर रुंदीच्या आणि ६०० ते १८०० मिलिमीटर उंचीच्या खिडक्या करतो. मिलिमीटरच्या फरकाने मोजले, तर नुसत्या मापांच्याच २१ लाख ६३ हजार जोड्या होतात. रंग, काच, जाळी आणि लॉक यांचे पर्याय त्याहून वेगळे. एवढ्या खिडक्यांच्या मालाच्या याद्या कोणी आधीच करून ठेवू शकत नाही.

अशा ठिकाणी प्रॉडक्ट कॉन्फिगरेटर उपयोगी पडतो. विक्रीचा माणूस ग्राहकासमोर बसून माप भरतो आणि पर्याय निवडतो. त्यावरून संगणक दोन गोष्टी तयार करतो. पहिली म्हणजे बिल ऑफ मटेरियल्स, ज्याला कारखान्यात सगळे बीओएम म्हणतात. कोणता माल, किती आणि कोणत्या मापात कापलेला, हे त्यात असते. दुसरी म्हणजे किंमत, आणि ती त्याच यादीवरून निघते.

यासाठी कारखाना आधी एक मोठी यादी बनवतो. कोणत्याही खिडकीत लागू शकेल असा प्रत्येक भाग तिच्यात असतो: दोन ट्रॅकची चौकट, तीन ट्रॅकची चौकट, हलके रोलर, जड रोलर, साधी काच, टफन्ड काच. एसएपीमध्ये या यादीला सुपर बीओएम म्हणतात. प्रत्येक भागापुढे दोन गोष्टी लिहिलेल्या असतात. हा भाग कधी घ्यायचा याची अट, आणि किती घ्यायचा याचे सूत्र. ऑर्डरची यादी म्हणजे या मोठ्या यादीतून अटींनी गाळून उरलेला माल.

१५०० बाय १२०० मिलिमीटरची, दोन पल्ल्यांची खिडकी घेऊ. बाहेरच्या चौकटीला दोन आडवे आणि दोन उभे तुकडे लागतात, म्हणजे एकूण ५.४ मीटर सेक्शन. पल्ल्याचे माप मात्र रुंदीच्या बरोबर निम्मे नसते. बाजूच्या चौकटीत काही जागा जाते आणि मधोमध दोन्ही पल्ले एकमेकांवर थोडे चढतात. या कारखान्याच्या सेक्शनसाठी रुंदीतून ६० मिलिमीटर वजा करायचे आणि ४० मिळवायचे, असे धरू. उरले १४८०, म्हणून एक पल्ला ७४० रुंद. उंचीतून ७० वजा केले की ११३०. एका पल्ल्याच्या कडेला ३.७४ मीटर सेक्शन लागतो, दोघांना ७.४८ मीटर. काच पल्ल्यापेक्षा दोन्ही बाजूंनी ८० मिलिमीटरने लहान, म्हणजे ६६० बाय १०५०. सेक्शनची कंपनी बदलली की वजाबाकीचे हे आकडे बदलतात. म्हणून ते सूत्रात कुठेतरी पुरून न ठेवता प्रत्येक सेक्शनसोबत वेगळे नोंदवावे लागतात.

आता ग्राहक म्हणतो, "डासांची जाळीही हवी." विक्रेत्याच्या पडद्यावर ही फक्त एक खूण आहे. यादीत मात्र बरेच काही हलते. जाळीचा पल्ला तिसऱ्या ट्रॅकवर सरकतो, म्हणून दोन ट्रॅकची चौकट यादीतून निघून जाते आणि तिच्या जागी तीन ट्रॅकची येते. जाळीच्या पल्ल्याचा ३.७४ मीटर सेक्शन, जाळी आणि दोन रोलर वाढतात. चौकटही अधिक जाड होते, त्यामुळे भिंतीत तेवढी जागा आहे का, हा प्रश्न विक्रेत्याला तिथल्या तिथे पडला पाहिजे.

किंमतीतही हेच घडते. हिशेबापुरते दर धरू: दोन ट्रॅकची चौकट मीटरला ३०० रुपये, तीन ट्रॅकची ४२०, जाळीच्या पल्ल्याचा सेक्शन २२०, जाळी चौरस मीटरला २५० आणि रोलर ५० रुपयांना एक. चौकटीतला फरक ६४८, सेक्शन ८२३, जाळी १७३, रोलर १००. मजुरी आणि नफा धरण्याआधीच १,७४४ रुपये वाढले. "जाळीचे हजार वेगळे" असे सांगणाऱ्या विक्रेत्याने या खिडकीत ७४४ रुपये घालवले. खिडकी मोठी असेल, तर नुकसान आणखी वाढते.

नियमांची दुसरी जात मनाई करणाऱ्यांची. काचेचे वजन दर चौरस मीटरला, जाडीच्या प्रत्येक मिलिमीटरमागे अडीच किलो असते. वरच्या खिडकीत ५ मिलिमीटरची काच घातली, तर एका पल्ल्यातली काच पावणेनऊ किलोच्या आत राहते. पण २४०० बाय १८०० च्या खिडकीत ८ मिलिमीटरची काच घातली, तर एकाच पल्ल्यातली काच ३६ किलोंच्या वर जाते. त्यात ॲल्युमिनियमचे वजन वेगळे. हलके रोलर इथे टिकत नाहीत. चांगला कॉन्फिगरेटर अशा वेळी जड रोलर आपणहून निवडतो, आणि तेही पुरत नसतील तर ऑर्डर पुढे जाऊ देत नाही. का अडवले हेही तो सांगतो. नाहीतर विक्रेते वाटेल ते पर्याय बदलून अडथळा ओलांडायला शिकतात.

या पद्धतीचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतले आहे. १९७० च्या दशकाच्या शेवटी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन ही कंपनी व्हॅक्स संगणक ऑर्डरप्रमाणे जुळवून विकत असे. सुटे भाग इतके असत की ऑर्डरमध्ये एखादी केबल राहून जाई किंवा न जुळणारा भाग येई. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या जॉन मॅकडरमॉट यांनी १९७८ मध्ये यासाठी नियमांवर चालणारी प्रणाली लिहिली. ती पुढे 'एक्सकॉन' नावाने ओळखली गेली आणि १९८० पासून कंपनीत प्रत्यक्ष वापरात आली. सुरुवातीला तिच्यात काहीशे नियम होते. दशकाच्या अखेरीस ते दहा हजारांच्या घरात गेले. नवे भाग येत, जुने बंद होत आणि नियम सतत नव्याने लिहावे लागत. प्रणाली बनवण्याइतकेच मोठे काम ती चालू ठेवण्याचे ठरले.

खिडकीच्या कारखान्यातही अडचण इथेच येते. हाताने काढलेल्या यादीतली चूक एका ऑर्डरपुरती राहते. नियमातली चूक मात्र दुरुस्त होईपर्यंत प्रत्येक ऑर्डरमध्ये जाते. ती लवकर पकडण्याची जागा म्हणजे स्टोअर. यादीबाहेरचा माल मागणाऱ्या चिठ्ठ्या वेगळ्या ठेवल्या आणि तोच रोलर किंवा तोच सेक्शन पुन्हा पुन्हा मागितला जातो असे दिसले, तर दोष नियमात आहे. दुसरा उपाय म्हणजे बरोबर ठरलेल्या काही जुन्या ऑर्डर जपून ठेवणे. नियम बदलला की त्या पुन्हा चालवून यादी आणि किंमत ताडून पाहायची. ज्या ऑर्डरला बदल लागू व्हायला नको होता तिचीच यादी बदलली असेल, तर नवा नियम थांबवायचा.

काही चुका मात्र नियमांना दिसत नाहीत. विक्रेत्याने भरलेले माप भिंतीतल्या उघाडीचे आहे की खिडकीचे, हे पडद्यावर स्पष्ट विचारलेले नसेल, तर संगणक चुकीच्या मापाची अगदी बिनचूक यादी देतो. जागेवर इंच आणि सुतात घेतलेले माप मिलिमीटरमध्ये आणतानाही घोळ होतो. दराचेही तसेच. ॲल्युमिनियमचा भाव बदलत राहतो, म्हणून कोटेशनवर मुदत हवी आणि ते कोणत्या तारखेच्या दराने काढले याची नोंद हवी. ऑर्डर पक्की झाली की तिची यादी आणि किंमत गोठवली जाते. पुढे बदललेला नियम कटिंगला गेलेल्या खिडकीला हात लावत नाही.

आणि कमानीची किंवा तिरप्या छताखालची खिडकी मागणारे ग्राहक असतातच. त्यांच्यासाठी जवळचा पर्याय निवडून शेऱ्यात "वर कमान" असे लिहिणे धोक्याचे असते, कारण शेरा यादीतही जात नाही आणि किंमतीतही. अशी ऑर्डर 'खास' म्हणून थेट डिझाइन विभागाकडे जावी. तिथे यादी हातानेच काढली जाते. तीच मागणी वारंवार येऊ लागली की तिच्यासाठी अट आणि सूत्र लिहून तिला मोठ्या यादीत जागा दिली जाते.