वीस इंची की चोवीस इंची?

‘मुलगी वाढती आहे, जरा मोठीच घ्या,’ हा सल्ला फ्रॉकच्या बाबतीत चालून जातो, कारण फ्रॉकला दुमड घालता येते. सायकलला ती सोय नाही. तरीही काळबादेवीतल्या सायकलवाल्यांपासून गावातल्या दुकानापर्यंत पहिला प्रश्न असतो वयाचा, आणि नऊ वर्षं म्हटलं की हात चोवीस इंची सायकलकडे जातो.

वयापेक्षा पायाची आतली लांबी खरी. मुलीला अनवाणी भिंतीला टेकून उभं करायचं, दोन पायांमध्ये जाड पुस्तक वरपर्यंत दाबून धरायचं आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेप लावायचा. समजा, माप ५९ सेंटिमीटर आलं. नवशिक्या मुलासाठी सीटची उंची साधारण तेवढीच हवी, म्हणजे दोन्ही पाय जमिनीवर टेकतात. चालवता येत असेल तर पाच-सहा सेंटिमीटर जास्त. आता दुकानात चोवीस इंची सायकलची सीट पार खाली करून जमिनीपासून मोजावी. बऱ्याच मॉडेलांत ती ६८ च्या आसपास थांबते, म्हणजे या मुलीचे जेमतेम चवडे टेकणार. वीस इंचीची सीट ६५ वर बसते आणि वर सरकायला जागाही उरते. मात्र सीटच्या दांडीवरची मर्यादेची खूण बाहेर दिसेपर्यंत ती ओढू नये. पाय वर्षाला तीनेक सेंटिमीटर वाढला, तर ही सायकल दीड-दोन वर्षं सहज पुरते.

इंचाचा हा आकडा चाकाचा. फ्रेमचं माप वेगळं, आणि एकाच चाकाच्या दोन कंपन्यांच्या फ्रेम सारख्या नसतात. म्हणून आडव्या दांडीवर मुलीला उभं करून पाहावं. पाय सपाट टेकून मध्ये दोन-तीन बोटं जागा राहायला हवी.

ब्रँडची तुलना मात्र वाटते तेवढी सरळ नाही. हर्क्युलिस आणि बीएसए या दोन्ही चेन्नईच्या टीआय सायकल्सच्याच. फायरफॉक्स २०१५ पासून लुधियानाच्या हिरोकडे आहे. नावापेक्षा वजनकाट्यावर जास्त कळतं. पुढच्या चिमट्यातल्या स्प्रिंगा आणि जाड टायर दिसायला झकास, पण पोरीला ते वजन चढावर ओढायचं असतं. स्वस्त सायकलींत तर त्या स्प्रिंगा नुसतंच ओझं! ब्रेकची मूठ दोन बोटांनी दाबली जाते का, हेही तिलाच करू द्यावं. मूठ लांब पडत असेल तर तिच्यावरचा छोटा स्क्रू फिरवून ती जवळ आणता येते.

ऑनलाइन सायकल थोडी स्वस्त पडते, पण अर्धवट जोडलेली येते. घरी जोडताना चिमटा उलटा बसण्याची चूक सर्रास होते: पुढचं चाक पॅडलजवळ येतं आणि वळताना पाय चाकाला लागतो. जवळचा दुकानदार थोडे जास्त पैसे घेईल, पण महिनाभरात ब्रेकच्या वायरी सैल पडतात आणि चाक आउट होतं, तेव्हा आरे ताणून देणारा तोच असतो. ती पहिली सर्व्हिस फुकट आहे का, हे पैसे देण्याआधी विचारावं आणि बिलावर लिहून घ्यावं.