हमिंग कुठून येतं आणि कसं घालवायचं

शाळेच्या स्नेहसंमेलनाची तयारी चालू आहे. रंगमंचाच्या कोपऱ्यात लॅपटॉप, त्याचा तीन पिनांचा चार्जर जवळच्या सॉकेटमध्ये. हॉलच्या मागच्या बाजूला मिक्सर आणि अँप्लिफायर, त्यांची वीज मागच्या भिंतीतून. दोहोंमध्ये पंधरा मीटरची साधी ऑडिओ केबल. गाणं सुरू व्हायच्या आधीच स्पीकरमधून एकसुरी, जाडसर ‘घूंऽऽ’ ऐकू येतं. साउंडवाले याला ‘हमिंग’ म्हणतात. कुणी अँपला दोष देतं, कुणी स्पीकरला, आणि थोड्या वेळाने एखादा अनुभवी माणूस चार्जरची अर्थ पिन काढून टाकायचा सल्ला देतो. या सल्ल्याकडे नंतर येऊ.

मुळात यातलं एकही उपकरण बिघडलेलं नसतं. लॅपटॉप एकटा नीट वाजतो, अँपही एकटा नीट वाजतो. खोट दोघांना जोडल्यावर तयार होते.

साध्या ऑडिओ केबलमध्ये आत एक तार असते आणि तिच्याभोवती तांब्याच्या बारीक तारांची जाळी, म्हणजे शील्ड. स्टिरिओ असेल तर आतल्या तारा दोन, शील्ड मात्र सामाईक असू शकते. आतल्या तारेतून गाण्याचा सिग्नल जातो आणि शील्डमधून तो परततो. शिवाय हीच शील्ड एका उपकरणाची बॉडी दुसऱ्याच्या बॉडीला जोडते. पण त्या दोन्ही बॉडी आपापल्या तिसऱ्या पिनेतून इमारतीच्या अर्थिंगलाही जोडलेल्या असतात. म्हणजे लॅपटॉपकडून शील्डमधून मिक्सरकडे, तिथून मागच्या सॉकेटच्या अर्थ तारेने मुख्य पॅनेलपर्यंत आणि पॅनेलपासून रंगमंचाच्या सॉकेटमार्गे परत लॅपटॉपकडे असं एक मोठं बंद कडं तयार झालं. हाच ग्राउंड लूप.

या कड्यात प्रवाह दोन कारणांनी येतो. हॉलमधल्या प्रत्येक उपकरणाच्या फिल्टरमधून थोडी थोडी वीज अर्थ तारेत झिरपत असते. अर्थ तारेला थोडा का होईना रोध असतो, त्यामुळे दोन सॉकेटांच्या अर्थ पिना अगदी एका पातळीवर राहत नाहीत. दुसरं कारण असं, की भिंतींमधल्या विजेच्या तारांभोवती सेकंदाला ५० वेळा उलटसुलट होणारं चुंबकीय क्षेत्र असतं. कडं जितकी जागा वेढतं, तितका त्यात जास्त दाब निर्माण होतो. म्हणून त्या घूंमध्ये ५० हर्ट्झ आणि त्याच्या पटीतले १००, १५० हर्ट्झचे सूर असतात.

आता थोडं गणित. समजा, दोन अर्थ पिनांमध्ये २० मिलिव्होल्टचा फरक आहे. स्वस्त केबलच्या शील्डचा रोध ०.६ ओहम आणि बाकीच्या वाटेचा ०.४ ओहम, म्हणजे एकूण एक ओहम. कड्यातून २० मिलिअँपिअर प्रवाह वाहील आणि एकट्या शील्डच्या दोन टोकांमध्ये १२ मिलिव्होल्ट पडतील. मिक्सर सिग्नल मोजतो तो आपल्या बॉडीच्या तुलनेत. पायाखालचा पाट हलत असताना भिंतीवरची खूण मोजावी, तसं हे होतं. खूण जागची हललेली नसते, तरी माप हलतं. ते १२ मिलिव्होल्ट गाण्यात जसेच्या तसे मिसळतात. गाण्याचा सिग्नल साधारण ३०० मिलिव्होल्ट धरला, तर हमिंग त्याच्या पंचविसाव्या हिश्श्याइतकं झालं. ढोलाच्या गजरात ते लपेल, निवेदक थांबला की ऐकू येईल.

याच हिशेबात एक गंमत आहे. जाड शील्डची केबल घेतली आणि तिचा रोध ०.१ ओहम असला, तर कड्यातला प्रवाह दुप्पट, ४० मिलिअँपिअर होतो. पण शील्डवर पडणारा दाब फक्त ४ मिलिव्होल्ट राहतो. प्रवाह वाढला आणि हमिंग कमी झालं! कारण त्रास प्रवाहाचा नाही, तो सिग्नलच्याच परतीच्या वाटेवर किती दाब पाडतो याचा आहे.

निदान सोपं आहे. आवाज कमी करून लॅपटॉपचा चार्जर काढा आणि लॅपटॉप बॅटरीवर चालवा. हमिंग गेलं, तर कडं तिथेच होतं. नाही गेलं तरी लगेच निष्कर्ष काढू नका. लॅपटॉपला एचडीएमआय केबलने प्रोजेक्टर जोडलेला असतो आणि त्यालाही तीन पिना असतात. कडं आता प्रोजेक्टरमधून पूर्ण होतं. तीही केबल काढून पाहा. घरी टीव्ही होम थिएटरला जोडला असेल, तर केबलवाल्याची बाहेरून येणारी वायर हेच काम करते. ती टीव्हीपासून किंवा सेट-टॉप बॉक्सपासून सोडवून ऐका. मिक्सरच्या बाजूने ऑडिओ केबल काढल्यावरही घूं चालूच राहिली, तर मात्र हे प्रकरण लूपचं नव्हे.

आता उपाय. सर्वांत स्वस्त उपाय एका एक्स्टेंशन बोर्डाचा. मिक्सर ज्या बोर्डावर आहे, त्याच बोर्डावरून तीन पिनांची एक्स्टेंशन रंगमंचापर्यंत न्या, तिच्यावर लॅपटॉप आणि प्रोजेक्टर लावा आणि ऑडिओ केबल तिच्या सोबतीने टाका. दोघांची अर्थ आता जवळजवळ एकच झाली आणि कड्याने वेढलेली जागाही आक्रसली. कडं मोडलं नाही, पण त्यातला जोर गेला. बऱ्याचदा एवढंच पुरतं.

खरोखर कडं तोडायचं तर सिग्नलच्या वाटेत ट्रान्सफॉर्मर हवा. रंगमंचावर डीआय बॉक्स ठेवायचा, लॅपटॉपची पिन त्यात द्यायची आणि बॉक्सपासून मिक्सरच्या माइक इनपुटपर्यंत एक्सएलआरची बॅलन्स्ड केबल न्यायची. बॉक्सच्या आतल्या दोन गुंडाळ्यांमध्ये तारेची जोड नसते. सिग्नल चुंबकीय क्षेत्रातून पलीकडे जातो. बॉक्सवरचं ‘ग्राउंड लिफ्ट’ बटण शील्डची उरलेली जोडही सोडवतं. बॅलन्स्ड केबलमध्ये सिग्नलसाठी दोन तारा असतात आणि मिक्सर त्या दोघींमधला फरकच ऐकतो, त्यामुळे शील्डवर काय चाललंय याचं त्याला फारसं सोयरसुतक नसतं. घरच्या वापरासाठी ‘ग्राउंड लूप आयसोलेटर’ नावाची छोटी डबी मिळते. तिच्यातही ट्रान्सफॉर्मरच असतात. मात्र स्वस्त डबीतला गाभा लहान असतो. आवाज चढवला, की खर्जातले सूर आधी फाटतात किंवा पातळ होतात. ती अँप आणि स्पीकरच्या मध्ये तर कधीच लावू नये.

आणि तो अर्थ पिन काढायचा सल्ला. हमिंग त्याने जातं, हेच त्यातलं वाईट. लॅपटॉपच्या चार्जरची असो वा अँपची, ती पिन आतली फेज बॉडीला टेकली तर प्रवाह सुखरूप वाहून नेण्यासाठी आणि फ्यूज किंवा ब्रेकर पाडण्यासाठी असते. अँपची पिन काढली आणि आत असा बिघाड झाला, तर २३० व्होल्ट थेट बॉडीवर, तिथून माइकच्या शील्डवर आणि गाणाऱ्याच्या हातात येऊ शकतात. ज्या वाटेने सिग्नल जातो, त्या वाटेवर हवी ती काटछाट करावी. संरक्षणाच्या अर्थला हात लावू नये.

केबल जोडण्याआधी मल्टिमीटर एसीवर ठेवून दोन्ही उपकरणांच्या बॉडीमधला दाब मोजा. काही मिलिव्होल्टपासून एखाद्या व्होल्टपर्यंत आकडा आला, तर तो नेहमीचा लूप. शंभर व्होल्टच्या आसपास आला किंवा पिन लावताना बोटांना झिणझिण्या आल्या, तर एखाद्या सॉकेटला अर्थिंगच नसण्याची दाट शक्यता आहे. अशा वेळी डीआय बॉक्स शोधू नका, आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा.