चमच्यांतलें लोणी आणि चमच्यांतलें तूप



गेल्या वर्षीं डॉक्टरांनीं मला दिवसाला तीन चहाचे चमचे लोणी खाण्याची मुभा दिली, अधिक नाहीं. घरांत बाजारचें लोणी संपलें, तेव्हां सौभाग्यवती म्हणाल्या, “मग तेवढेंच तूप घ्या.” मास्तरकी सुटली तरी हिशेबाची खोड सुटत नाहीं. ‘तेवढेंच’ म्हणजे किती, हें पाहण्यास मी बसलों.

बाजारच्या लोण्यांत शंभर भागांस सुमारें 80 भाग स्निग्धांश, 16 भाग पाणी आणि उरलेले दुधाचे घन पदार्थ व मीठ असतें. तुपांत मात्र जवळजवळ सर्वच स्निग्धांश. चहाच्या सपाट चमच्यांत 5 मिलिलिटर जिन्नस मावतो. तेवढ्या लोण्याचें वजन सुमारें 4.7 ग्रॅम भरतें. पैकीं स्निग्धांश 3.8 ग्रॅम, आणि उष्मांक 34. पातळ तुपाचें वजन 4.5 ग्रॅमच भरतें, पण तें सारें स्निग्धांशाचें. म्हणून उष्मांक 40 च्या वर जातात. तराजूंत हलकें ठरणारें तूप पोटांत जड ठरतें तें असें.

आतां माझे तीन चमचे घ्या. लोण्यांतून 11.4 ग्रॅम स्निग्धांश मिळत असे, तुपांतून 13.5 मिळाला असता. म्हणजे अर्ध्याहून अधिक चमचा लोणी नकळत वाढलें असतें. अडीच चमचे तूप घेतलें कीं हिशेब जुळतो. सोपा नियम असा: जेथें सहा चमचे लोणी, तेथें पांच चमचे तूप.

याची प्रचीति घरीं पाहतां येते. 100 ग्रॅम लोणी पातेल्यांत मंद आंचेवर ठेवावें. प्रथम तडतड ऐकूं येते; ती आंतील पाणी उकळून जात असल्याची. आवाज मंदावला आणि तळाशीं बेरी बदामी झाली, कीं पातेलें उतरवावें. बेरी काळवंडली तर तूप करपलें असें समजावें. तडतड थांबण्यापूर्वींच उतरविलें तर पाणी उरतें व तूप लवकर खवट होतें. गाळलेलें तूप 80 ग्रॅमच्या किंचित् खालीं भरेल, कारण थोडें गाळणीस आणि बेरीस चिकटतें. घरचें लोणी ताक नीट न निथळतां घेतलें असेल, तर तूप याहूनही कमी निघेल. तेथें वरील नियम लावूं नये.

एक सावधगिरी मात्र हवी. हा सारा हिशेब सपाट चमच्याचा आहे. थिजलेलें तूप किंवा घट्ट लोणी चमच्यावर शिगोशीग चढतें, आणि मग दोहोंमधील फरकापेक्षां त्या शिगेचाच भार मोठा होतो. आमच्या घरीं आतां चमचा सुरीनें सपाट करूनच माझ्या पानांत येतो.