फोनमध्ये किती मावतं?

नवा फोन घेताना दुकानदार विचारतो, "१२८ जीबी की २५६?" उत्तर द्यायला थोडा हिशेब पुरतो. १ जीबी म्हणजे साधारण १००० एमबी, एवढं लक्षात ठेवायचं.

१२ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याने काढलेला फोटो साधारण ३ ते ५ एमबीचा असतो. तोच व्हॉट्सअॅपवरून नेहमीच्या पद्धतीने पाठवला की दाबून लहान केला जातो आणि बहुतेकदा काहीशे केबीच उरतो. म्हणून लग्नाचे फोटो छापायचे असतील तर मूळ फाइलच मागून घ्यावी. पाच मिनिटांचं गाणं साध्या दर्जात ५ एमबीचं, तर चांगल्या दर्जात १२ एमबीचं होतं.

चित्रपटाला एकच एक आकार नसतो. अडीच तासांचा तोच सिनेमा मोबाइलसाठी डाउनलोड केला तर एक-दीड जीबीत बसतो, मोठ्या टीव्हीवर स्वच्छ दिसेल अशा दर्जाचा तीन-चार जीबी किंवा त्याहून जास्त घेतो.

अॅपच्या बाबतीत मात्र प्ले स्टोअरवर दिसणाऱ्या आकड्यावर विसंबू नये. तो उतरवून घेण्यापुरता असतो. १०० एमबीचं अॅप वापरता वापरता फुगत जातं, कारण आलेले व्हिडिओ आणि साठवलेली माहिती त्याच्याच खात्यात जमा होते. व्हॉट्सअॅप काही वर्षांत सहज कित्येक जीबी व्यापतं. खरा आकडा सेटिंग्जमधल्या 'स्टोरेज'मध्ये दिसतो.

आता १२८ जीबीचा फोन घेऊ. त्यातले सुमारे २० जीबी फोनची स्वतःची यंत्रणाच घेते. पाच हजार फोटोंना, प्रत्येकी ४ एमबी धरून, २० जीबी लागतील. पाचशे गाण्यांना अडीच, पाच सिनेमांना साडेसात आणि सगळ्या अॅप्सना त्यांच्या साठ्यासकट १५ जीबी धरू. बेरीज ६५ होते, म्हणजे ६३ जीबी शिल्लक. एवढ्यात निभावेल असं वाटतं.

पण खरा खादाड आहे तो आपण स्वतः काढलेला व्हिडिओ. फोर-केमध्ये चित्रण केलं तर जुन्या, सर्वत्र चालणाऱ्या पद्धतीत मिनिटाला ३५० एमबीपर्यंत जातात. तासाला २१ जीबी! घरच्या लग्नात तीन तास चित्रण केलं की ते शिल्लक ६३ जीबी संपलेच. आणि फोन काठोकाठ भरला की कॅमेरा ऐन वेळी थांबतो, अपडेटही अडतात. कॅमेऱ्याच्या सेटिंग्जमध्ये १०८०पी निवडलं तर हाच खर्च निम्म्याहून कमी होतो आणि फोनवर पाहताना फरक फारसा जाणवत नाही.

फोटो, गाणी आणि गप्पांपुरता फोन हवा असेल तर १२८ जीबी पुरे. नातवंडांचे व्हिडिओ हौसेने काढणार असाल आणि फोनला मेमरी कार्डची जागा नसेल, तर सरळ २५६ घ्या. ही जागा नंतर वाढवता येत नाही.