तळं भरलं तरी पाणी किती?

सांगोला तालुक्यातल्या माळावर दीड एकर डाळिंब. झाडं ४५० आणि बहार आंब्याचा, म्हणजे जानेवारीत पानगळ करून पाणी सुरू करायचं आणि फळ काढायचं पावसाळ्यात. विहीर फेब्रुवारीअखेर तळ गाठते. तेव्हा शेततळं घ्यायचं हे आप्पांनी ठरवलंच होतं. गावातल्या दोघांनी खोदलंय तसंच, तीस बाय तीस आणि तीन मीटर खोल. पोकलेनवाल्याने बांधावर उभ्या उभ्याच हिशोब सांगितला, "तीस त्रिक नव्वद, सत्तावीस लाख लिटर."

आप्पांची धाकटी तालुक्याच्या कॉलेजात बीएस्सीला आहे. ती म्हणाली, "आप्पा, तळं म्हणजे काय पेटी आहे का? कडा उतरत्या असणार की."

तिचा हिशोब तळ्यापासून नाही, झाडापासून सुरू झाला. मला ही गोष्ट सांगावीशी वाटली ती त्यासाठीच. आपण आधी खड्डा ठरवतो आणि मग त्यातलं पाणी पुरवत बसतो. तिने विचारलं, विहीर आटल्यापासून पाऊस होईपर्यंत किती दिवस? १ मार्च ते जूनचा मध्य, म्हणजे १०५. ठिबकने एका झाडाला दिवसाला किती? मार्चात कमी, मे महिन्यात जास्त, पण सरासरी ३० लिटर धरलं. ४५० झाडांना रोज १३,५०० लिटर. १०५ दिवसांचे झाले १४ लाख १८ हजार.

आता खड्डा. माती ढासळू नये म्हणून आणि प्लॅस्टिकचा कागद नीट बसावा म्हणून कड तिरकी घेतात. त्यांच्या जमिनीत एक मीटर खोलीला दीड मीटर आत, असा उतार धरला. तीन मीटर खोलीला प्रत्येक बाजू साडेचार मीटर आत येते, म्हणून वर ३० मीटर असलं तरी तळाला उरतात २१. पाणी काढायची रीत सोपी आहे. वरचं क्षेत्रफळ, तळाचं क्षेत्रफळ आणि मध्यावरच्या क्षेत्रफळाची चौपट यांची बेरीज करायची, सहाने भागायचं आणि खोलीने गुणायचं. वर ९००, तळाला ४४१, मध्ये साडेपंचवीसचा वर्ग ६५०. उत्तर १,९७१ घनमीटर, म्हणजे १९ लाख ७१ हजार लिटर. सत्तावीसातले सात लाख लिटर नुसत्या उतारात गेले.

तरीही चौदा लाखांना एवढं पुरेल, असं आप्पांना वाटलं. पण ऊन राहिलं होतं. आपल्याकडे उन्हाळ्यात उघड्या पाण्याची पातळी रोज सात-आठ मिलिमीटर उतरते. आठ धरले तर १०५ दिवसांत ८४ सेंटिमीटर. पाणी खाली जाईल तसा त्याचा पृष्ठभागही लहान होतो, म्हणून तिने मधलं क्षेत्रफळ घेतलं. साडेपाच लाख लिटर वाफेत गेले. शिवाय तळाचा फूटभर गाळाचा थर मोटरीला उचलता येत नाही, त्याचे एक लाख चाळीस हजार. उरले १२ लाख ८० हजार. बाग जूनच्या पहिल्या आठवड्यात, ऐन फळ फुगायच्या वेळी, दहा-बारा दिवस कोरडी पडली असती.

"मग चौतीस बाय चौतीस करू," आप्पा म्हणाले. तिने तेही मांडलं. पाणी साडेसहा लाखांनी वाढलं, पण जास्त पाणी उन्हाला उघडं पडल्याने वाफेतही जवळजवळ दोन लाख जास्त गेले. वापरायला उरले सतरा लाख. मग तिने तोंड तीसच ठेवून खोली चार मीटर केली. तळ १८ मीटरचा झाला, साठा २३ लाख ५२ हजार. वाफेत पाच लाखही नाहीत आणि गाळात एक लाख. हाती आले १७ लाख ७० हजार. खोदाई चौतीसाच्या तळ्यापेक्षा कमी, आणि वापरायचं पाणी जास्त.

पण चार मीटरखाली काय आहे, हे हिशोबात दिसत नाही. आधी एक परीक्षेचा खड्डा घेतला. साडेतीन मीटरपर्यंत मुरूम लागला, मग मऊ खडक. पोकलेन चालली. धारदार दगड कागद फाडतात म्हणून तळाला मातीचा थर अंथरला. कुंपण मात्र कागदाआधीच झालं, कारण ओल्या प्लॅस्टिकवरून घसरलेल्या माणसाला वर येता येत नाही. दोन बाजूंना गाठी मारलेले दोरही सोडले आहेत.

भरायचं विहिरीनेच, पावसाळ्यात. तासाला २०,००० लिटर देणारी मोटर रोज सहा तास चालली तर वीसेक दिवस लागतात. विहिरीला तेवढं पाणी टिकलं तर.

एप्रिलमध्ये तिने पाण्यात खुणा केलेली काठी उभी केली आणि शेजारी बादली अर्धी बुडेल अशी बांधून तिच्यात पाणी ओतलं. चार दिवस मोटर बंद ठेवून विहिरीच्या राहिलेल्या पाण्यावर बाग काढली. काठीवर पाणी तीन सेंटिमीटर उतरलं. बादलीतलंही तेवढंच उतरलं. कागद गळत नव्हता.