परदेशी विद्यापीठात अर्ज करताय? ट्रान्सक्रिप्टचे पाकीट फोडू नका!

ट्रान्सक्रिप्ट कुठे मिळेल? अकोल्यातील इंजिनीअरिंग कॉलेज संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाशी संलग्न असेल, तर अमरावतीला अर्ज करा. कृषी पदवीधरांचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ मात्र अकोल्यातच आहे.

पदवीचे मूल्यांकन हवे का? परदेशी विद्यापीठाने मागितले असेल तरच. त्यासाठी ‘वेस’सारख्या संस्थेत आधी खाते उघडा. मिळालेला संदर्भ क्रमांक ट्रान्सक्रिप्टच्या अर्जासोबत द्या, म्हणजे पाकीट तुमच्याच फाइलला जोडले जाईल. साक्षांकित ट्रान्सक्रिप्ट कागदावर पाठवायचे असेल, तर ते विद्यापीठाच्या सीलबंद पाकिटातूनच जावे लागते. सील फुटले, तर ते ग्राह्य धरत नाहीत. स्वतःसाठी वेगळी प्रत मागा.

मराठी दाखल्याचे काय? प्रमाणित भाषांतर मूळ दाखल्याच्या प्रतीसोबत जोडा. भाषांतरकाराला पासपोर्ट दाखवा, म्हणजे नावाचे स्पेलिंग जुळेल.