पंचवीस टक्के सूट, पण कशावर?

मे महिना सरत आला की पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकात पालकांची एक खास जात दिसू लागते. त्यांच्या हातात शाळेची यादी असते आणि मोबाइलमध्ये दुसऱ्या दुकानाच्या फलकाचा फोटो. दुकानदार भाव सांगायच्या आधीच ते पलीकडचा भाव सांगतात. राज्य मंडळाच्या शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, विदर्भातल्या त्यानंतर. तेवढ्या चार-पाच आठवड्यांत शालेय साहित्याच्या दुकानाची वर्षभराच्या कमाईची मोठी बाजू उरकायची असते. त्यामुळे 'शाळा सुरू' योजनांचे फलक लागतात ते याच चिकित्सक पालकांसाठी. ज्याला भावाची फिकीर नाही, त्याच्यासाठी सूट द्यायची गरजच काय?

पण सूट सगळ्यांवर सारखी नसते. फलकावर सगळ्यांत मोठ्या अक्षरांत बहुधा वह्या असतात. कारण वहीचा भाव पालकांना पाठ असतो आणि कोणत्याही दोन दुकानांत तो ताडून पाहता येतो. तिथे दुकानदार हात आखडता घेत नाही. एखादे वेळी जवळपास खरेदीच्या भावानेही वही देतो. गिऱ्हाईक आत आले की दप्तर, पाण्याची बाटली, डबा, बूट आणि गणवेश यांवर ती कसर भरून निघते. या वस्तूंचा 'नेहमीचा भाव' कोणालाच ठाऊक नसतो. यात लबाडी नाही, व्यापाराची जुनी रीत आहे. मात्र पालकांनी नेमकी उलटी काळजी घ्यायला हवी. भाव ताडून पाहण्याची मेहनत वह्यांवर कमी आणि गणवेशावर जास्त खर्च व्हायला हवी.

तरीही वहीपासूनच सुरुवात करू, कारण हिशेब तिथे स्वच्छ दिसतो. समजा, पहिल्या दुकानात ६० रुपये छापील किमतीची वही २५ टक्के सुटीने ४५ रुपयांना आहे. दुसऱ्या दुकानात ५२ रुपयांची वही १० टक्के सुटीने ४६ रुपये ८० पैशांना. फलक पाहून कोणीही पहिल्या दुकानाकडे वळेल. आता वह्या उलट्या करून मागचा मजकूर वाचा. पहिली १७२ पृष्ठांची आहे, दुसरी १९२ पृष्ठांची. म्हणजे शंभर पृष्ठांना पहिलीत २६ रुपये १६ पैसे पडतात आणि दुसरीत २४ रुपये ३८ पैसे. डझनाचे बिल दुसरीकडे २१ रुपये ६० पैशांनी जास्त होते खरे, पण त्यात २४० पृष्ठे जादा मिळतात. मोठी सूट असलेली वहीच महाग निघाली.

याचे कारण छापील किमतीत आहे. सर्व करांसह असलेल्या या कमाल किमतीपेक्षा जास्त पैसे घेणे कायद्याने गुन्हा आहे. पण ती किंमत किती ठेवायची हे सहसा उत्पादकच ठरवतो. साठ छापून पंचेचाळीसला विकणे आणि पन्नास छापून पंचेचाळीसलाच विकणे यांत गिऱ्हाइकाला काडीचाही फरक पडत नाही. फरक पडतो तो फलकावरच्या टक्क्यांत.

पृष्ठांबरोबर आकारही पाहावा. १९ बाय १५.५ सेंटिमीटरच्या वहीचे पान २४ बाय १८च्या पानाच्या जेमतेम दोन तृतीयांश भरते. त्यामुळे दोघींची पृष्ठे सारखी असली तरी लिहायला जागा सारखी मिळत नाही. शिवाय छापलेल्या पृष्ठसंख्येत अनुक्रमणिका आणि माहितीची पानेही मोजलेली असू शकतात. तसे असेल तर बहुतेकदा बारीक अक्षरांत लिहिलेले असते.

तयार 'किट'ची गंमत वेगळीच. '१,५०० रुपयांचे साहित्य फक्त ९९९ला' असा फलक असतो. डब्यात एकरेघी वह्या असतात आणि शाळेच्या यादीत चाररेघी आणि चौकटीच्या. मग किट घेऊनही वह्या पुन्हा विकत घ्याव्या लागतात. किटमधल्या ज्या वस्तू यादीत आहेत, तेवढ्यांचीच सुटी किंमत जोडून पाहावी. बेरीज ९९९च्या खाली आली, तर किट तिथेच ठेवावे.

'जीएसटी माफ' असा फलक दिसला तर त्यात दुकानाचे औदार्य किती, हेही पाहावे. वह्या, पेन्सिली, खडू, शार्पनर आणि खोडरबर यांवरचा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून सरकारनेच शून्यावर आणला आहे. कंपासपेटीवर तो १२वरून ५ टक्के झाला. नेहमीच्या कापडी-प्लास्टिक दप्तरावर मात्र १८ टक्के कायम आहे.

आता गणवेश. इथला सगळ्यांत महागडा शब्द म्हणजे 'पासून'. 'शर्ट-पँट ४९९ पासून' यातला ४९९ हा बहुधा सगळ्यांत लहान मापाचा, म्हणजे पहिलीतल्या मुलाचा भाव असतो. समजा तो २२ नंबरचा आहे आणि पुढच्या प्रत्येक मापाला २५ रुपये वाढतात. मापे दोन-दोनने चढतात. म्हणजे सातवीतल्या मुलाच्या ३४ नंबरपर्यंत सहा पायऱ्या होतात आणि जोड ६४९ रुपयांना पडतो. शेजारचा दुकानदार फलक न लावता तोच जोड ६२५ला देत असेल, तर दोन जोडांत ४८ रुपये वाचतात. आता वरच्या वह्यांसह पूर्ण बेरीज करा: मोठ्या फलकाच्या दुकानात १,८३८ रुपये, शेजारी १,८११ रुपये ६० पैसे. हा फरक रिक्षाच्या भाड्यातही जाईल, म्हणून एवढ्यासाठी गावभर हिंडण्यात अर्थ नाही. खरा फरक कापडात आणि शिलाईत आहे.

गणवेशाच्या तयार कपड्यांसाठी सोलापूर देशभर ओळखले जाते. एकाच नमुन्याचे, एकाच रंगाचे कपडे वेगवेगळ्या वजनाच्या कापडातून शिवता येतात आणि हँगरवर ते सारखेच दिसतात. म्हणून पँट उलटी करून पाहावी. खाली दोन इंच दुमड असेल तर मूल उंच झाल्यावर ती सोडता येते आणि पँट आणखी काही महिने चालते. अर्धा इंचच असेल तर दिवाळीनंतर दुसरी घ्यावी लागेल, मग ती पन्नास रुपयांनी स्वस्त असली तरी. बाजूच्या शिवणीत सोडलेले कापड, कंबरेचा पट्टा, बटणांची टाचणी हेही तिथेच दिसते. सुती शर्ट धुतल्यावर आटतो, म्हणून तो थोडा सैल घ्यावा. पॉलिस्टरमिश्रित कापड फारसे आटत नाही, पण उकाड्यात अंगाला चिकटते.

एक अडचण राहतेच. बोधचिन्ह विणलेला गणवेश एकाच दुकानात मिळत असेल, तर भाव ताडून पाहायचा कोणाशी? शाळेच्या आवारातून किंवा ठरावीक विक्रेत्यांकडूनच वह्या, गणवेश, बूट घेण्याची सक्ती करू नका, असे सीबीएसईने एप्रिल २०१७ मध्ये आपल्या शाळांना बजावले होते. प्रत्यक्षात पुष्कळ पालक वाद टाळतात. तरी मोजे, बूट, पट्टा, साधी पँट अशा बोधचिन्ह नसलेल्या वस्तू बाहेरून घेण्याची मोकळीक बऱ्याच ठिकाणी असते. ती विचारून घ्यावी.

जाहिरात करणाऱ्या दुकानदारांसाठीही यात एक धडा आहे. 'पासून' लिहिण्याऐवजी मापांचा पूर्ण तक्ता लावला, वहीजवळ शंभर पृष्ठांचा भाव लिहिला आणि न वापरलेल्या गणवेशाचे माप शाळा उघडल्यावर पंधरा दिवस बदलून दिले, तर हाच चिकित्सक पालक पुढच्या वर्षी दुसऱ्या दुकानाचा फोटो न काढता येईल.

आणि बिल नक्की घ्या. 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' असे त्यावर छापलेले असले तरी सदोष वस्तू परत घ्यायला नकार देणे ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर त्यासाठी तीस दिवस धरले जातात. दुकानदार ऐकत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.